बँड सैल झाला, तर कपही बदलतो

दुकानात ब्रा मागताना बहुतेक जणी नुसता आकडा सांगतात: "चौतीस द्या." पण लेबलवर आकड्याशेजारी एक अक्षरही असतं. आकडा बँडचा, म्हणजे बरगड्यांभोवती फिरणाऱ्या पट्ट्याचा, अक्षर कपचं. ही दोन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. हे ठाऊक नसलं, की सैल ब्रा बदलायला गेलेली बाई हमखास चुकीची ब्रा घेऊन येते.

आधी मापं घेऊ. टेप इंचांचा घ्यायचा. पहिलं माप स्तनांच्या अगदी खाली, श्वास सोडून, टेप अंगाला घट्ट आणि पाठीवर सरळ ठेवून. दुसरं माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप हलका ठेवून. आपल्याकडे बरेच ब्रँड पहिल्या मापात भर घालून बँडचा आकडा काढतात: माप सम असेल तर ४ आणि विषम असेल तर ५ मिळवायचे. मग छातीच्या मापातून हा आकडा वजा करायचा. फरक १ इंच आला तर कप ए, २ आला तर बी, ३ आला तर सी, ४ आला तर डी. काही ब्रँड भर न घालता थेट माप धरतात, म्हणून ज्या ब्रँडची ब्रा घ्यायची त्याचाच तक्ता पाहावा.

समजा, एकीचं छातीखालचं माप २९ आणि छातीचं ३६ आहे. २९ अधिक ५ म्हणजे ३४. ३६ मधून ३४ गेले, उरले २. तिचा साइझ ३४ बी. आता जिचं छातीखालचं माप ३० आहे, तिचाही बँड ३० अधिक ४, म्हणजे ३४च येतो. एकच पट्टा दोन वेगळ्या घेरांना लावलाय, त्यामुळे २९ वालीला तो सैल वाटण्याची शक्यता जास्त. सूत्रातून निघालेला साइझ ही सुरुवात असते. खरं काय ते अंगावर घातल्यावरच कळतं.

बँड सैल आहे हे कसं ओळखायचं? आरशात बाजूनं पाहा. पट्टा पुढून मागपर्यंत एका रेषेत हवा. पाठीवर तो वर चढत असेल, हात वर केल्यावर पुढचा भाग जागेवरून सरकत असेल, तर बँड सैल आहे. छातीचा बहुतेक भार बँडनं पेलायचा असतो. तो सैल पडला की ओझं खांद्याच्या पट्ट्यांवर जातं. मग आपण पट्ट्या आवळतो, त्या पाठीमागचा बँड आणखी वर ओढतात आणि खांद्यावर वळ उठतात. म्हणून आधी पट्ट्या थोड्या सैल करून आणि हूक आतल्या रांगेत लावून पाहा. नवी ब्रा मात्र सगळ्यांत बाहेरच्या रांगेवर नीट बसायला हवी, कारण वापरानं इलॅस्टिक ताणलं जातं आणि आतल्या रांगा त्यासाठीच राखून ठेवायच्या असतात.

नवी ३४ बी बाहेरच्या रांगेवरच सैल आहे, पण कप छान बसलाय, असं झालं तर? इथे दुकानात "एक नंबर लहान द्या" म्हटलं की ३२ बी हातात येते. बँड बसतो, पण कपच्या कडेवरून छाती बाहेर येते. बाई म्हणते, "मला चौतीसच बरी." कारण बी या अक्षराचं स्वतःचं ठरलेलं आकारमान नाही. बँड लहान झाला की त्याच अक्षराचा कपही लहान होतो. ३२ बीचा कप साधारण ३४ एएवढा असतो. ३४ बीएवढा कप हवा असेल तर ३२ सी मागायला हवी. बँड एक पायरी खाली, अक्षर एक पायरी वर. कप तेवढाच ठेवणाऱ्या अशा जोडीला सिस्टर साइझ म्हणतात. बँड घट्ट असेल तर उलट: ३४ बीऐवजी ३६ ए.

इथे ३६ मधून ३२ वजा करून डी काढायला जाऊ नका. अंग बदललेलं नाही आणि कप आधीच नीट बसलेला आहे. तोच कप आखूड पट्ट्यावर हवा आहे.

याला मर्यादाही आहेत. सध्याचा कप बसत असेल, तरच सिस्टर साइझ उपयोगी. कपमध्ये सुरकुत्या पडत असतील किंवा छाती बाहेर येत असेल, तर आधी कप बदलायला हवा. दोन पायऱ्या सरकल्यावर वायरची रुंदी आणि खांद्याच्या पट्ट्यांमधलं अंतर बिघडू शकतं, म्हणून एकाच पायरीवर थांबावं.

३२ सी घालून पुन्हा तपासा. पट्टा सरळ राहतो, त्याखाली दोन बोटं जातात पण मूठ जात नाही, वायर बरगडीवर टेकते आणि दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला लागतो. एवढं जुळलं की साइझ सापडला. पुढच्या वेळी दुकानात अक्षरासकट सांगा: "बत्तीस सी."