पुल-अप आणि लॅट पुलडाउन: फरक कुठे पडतो?

दोन्ही व्यायामांत मुख्य काम पाठीच्या रुंद स्नायूंचं, म्हणजे लॅट्सचं असतं. दंडाचा पुढचा स्नायू आणि खांद्याच्या पात्यांमधले स्नायू मदतीला येतात. फरक पडतो तो शरीर कशाने स्थिर राहतं यात.

पुलडाउनमध्ये तुम्ही बसलेले असता, मांड्या पॅडखाली अडकलेल्या असतात आणि दांडा तुमच्याकडे येतो. धड सावरायचं बरंचसं काम यंत्रच करतं. पुल-अपमध्ये दांडा जागेवर राहतो आणि लोंबकळणारं अख्खं शरीर वर जातं. पाय झुलू नयेत, कंबर मागे वाकू नये म्हणून पोटाचे स्नायू सतत आवळलेले ठेवावे लागतात.

वजनाचंही तसंच. ७० किलोच्या माणसाला पुल-अपमध्ये जवळजवळ सगळे ७० किलो उचलावे लागतात. पुलडाउनवर तो ३५ किलोपासून सुरुवात करू शकतो. मात्र तिथे धड मागे झोकून दांडा ओढला जात असेल, तर वजन जास्त झालंय असं समजावं.

पुल-अप जमत नसेल तर पुलडाउनने ताकद वाढवा. पण सोबत दांड्याला लटकण्याचा आणि सावकाश खाली येण्याचा सराव ठेवा. शरीर सावरणं यंत्रावर बसून पुरेसं शिकता येत नाही.