आधारच्या बारा अंकांत आपले वय लपलेले आहे काय?

कोल्हापुरात शिष्यवृत्तीचे आणि पेन्शनचे फॉर्म भरून देताना आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. कोणीतरी आधार कार्ड पुढे करते आणि म्हणते, "दादा, नंबरातच जन्मसाल असतंय न्हवं? मग परत दाखला कशाला?" काही तरुण कार्यकर्तेही नंबरातले मधले चार अंक बोटाने दाखवून त्यात साल शोधतात. कधी योगायोगाने तिथे १९ किंवा २० सापडते आणि समज आणखी पक्का होतो.

हा समज चुकीचा आहे. आधार क्रमांकात जन्मतारीख नाही, वय नाही, स्त्री की पुरुष हेही नाही. पण जगात असे राष्ट्रीय ओळख क्रमांक आहेत, ज्यांत हे सगळे खरोखर असते. त्यातला एक क्रमांक कसा वाचायचा ते आधी पाहू. मग आपल्याकडे तो मार्ग का घेतला नाही आणि आपल्या माणसांचे वय कोणत्या कागदावर ठरते, ते नीट कळेल.

उदाहरण शेजारच्या श्रीलंकेचे घेऊ. तिथल्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या जुन्या क्रमांकात नऊ अंक आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. आम्ही एक काल्पनिक क्रमांक घेतला आहे:

```
857031234V
```

पहिले दोन अंक 85, म्हणजे जन्मसाल १९८५. पुढचे तीन अंक 703. हा वर्षातला कितवा दिवस आहे, ते सांगणारा आकडा आहे. पण वर्षात ७०३ दिवस नसतात. इथेच खुबी आहे. स्त्रीचा क्रमांक असेल तर दिवसाच्या आकड्यात ५०० मिळवतात, पुरुषाचा असेल तर आकडा तसाच ठेवतात. ७०३ मधून ५०० वजा केले की २०३ उरतात. म्हणजे ही एक स्त्री असून तिचा जन्म १९८५ सालच्या २०३ व्या दिवशी झाला. त्यानंतरचे तीन अंक त्या दिवशीच्या नोंदीचा अनुक्रम सांगतात आणि नववा अंक तपासणीचा असतो. शेवटचे V हे अक्षर मतदार असल्याची खूण आहे. मतदार नसेल तर X असते.

आता २०३ वा दिवस कोणता? महिन्यांचे दिवस मिळवत जाऊ. जानेवारीचे ३१. फेब्रुवारीचे २९ धरले की ६०. मार्चअखेर ९१, एप्रिलअखेर १२१, मेअखेर १५२, जूनअखेर १८२. २०३ मधून १८२ वजा केले की २१ उरतात. म्हणून जन्मतारीख २१ जुलै १९८५.

फेब्रुवारीचे २९ दिवस का धरले? १९८५ हे लीप वर्ष नव्हते. पण श्रीलंकेच्या या पद्धतीत प्रत्येक वर्ष ३६६ दिवसांचे धरूनच दिवस मोजतात, म्हणजे १ मार्च हा कायम ६१ वा दिवस राहतो. हे माहीत नसलेला माणूस फेब्रुवारीचे २८ दिवस मोजतो आणि २२ जुलै असे उत्तर काढतो. चूक एकाच दिवसाची असते, पण अर्ज परत यायला तेवढी पुरते. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांची तारीख बरोबर येते आणि मार्चपासून पुढच्यांची एक दिवस पुढे सरकते, असे दिसले की चूक इथेच आहे हे ओळखावे. ५०० वजा केल्यावरही आकडा ३६६ च्या वर जात असेल, तर क्रमांकच चुकीचा उतरवलेला आहे.

वय काढताना आणखी एक घाई होते. १४ एप्रिल २०२५ रोजी या बाईंचे वय किती? २०२५ मधून १९८५ वजा करून लोक ४० म्हणतात. पण त्या वर्षीचा २१ जुलै अजून आलेला नाही, म्हणून पूर्ण झालेली वर्षे ३९ आहेत. सालांची वजाबाकी करायची आणि वाढदिवस अजून व्हायचा असेल तर एक कमी करायचा, एवढाच नियम. वयाची अट असलेल्या कोणत्याही अर्जाला, अगदी आपल्या नोकरभरतीच्या अर्जालाही, तो तसाच लागू होतो. फक्त जाहिरातीत दिलेली तारीख धरून मोजायचे.

सालाचे दोनच अंक ठेवण्यातली अडचण श्रीलंकेला २०१६ च्या सुमारास भेडसावली. २००० साली जन्मलेली मुले ओळखपत्राच्या वयाला आली आणि 00 म्हणजे १९०० की २०००, असा प्रश्न उभा राहिला. म्हणून २०१६ पासून बारा अंकी क्रमांक आला आणि अक्षर गेले. वरचाच क्रमांक नव्या रूपात असा लिहितात:

```
198570301234
```

पहिले चार अंक साल, पुढचे तीन दिवस, मग चार अंकी अनुक्रम आणि शेवटी तपासणीचा अंक. गंमत अशी की आपला आधार क्रमांकही बाराच अंकांचा आहे. दिसायला दोन्ही सारखे, पण एक उघडे पुस्तक आहे आणि दुसऱ्यात वाचण्यासारखे काहीच नाही.

आधार क्रमांक संगणक यदृच्छेने निवडतो. पहिला अंक ० किंवा १ कधीच नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. नंबर टाइप करताना एखादा अंक चुकला तर तो पकडण्यापुरताच त्याचा उपयोग. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की हा क्रमांक यदृच्छ असेल आणि धारकाच्या गुणविशेषांशी किंवा ओळखीशी त्याचा काही संबंध नसेल. त्याच कायद्यात लोकसंख्याविषयक माहितीची व्याख्या करताना वंश, धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न या गोष्टी वगळल्या आहेत.

ही तरतूद आपण हलक्यात घेऊ नये. क्रमांकात माहिती भरायला सुरुवात झाली की ती कुठवर जाते, ते दक्षिण आफ्रिकेने पाहिले आहे. तिथला तेरा अंकी क्रमांकही जन्मतारखेनेच सुरू होतो. दोन अंक साल, दोन महिना, दोन दिवस, मग स्त्री-पुरुष भेद. वर्णद्वेषी राजवटीत त्याच क्रमांकाच्या शेवटाकडे माणसाच्या वंशगटाचा संकेतही असे. १९८६ च्या कायद्याने तो काढला गेला. तोवर नुसता नंबर वाचून समोरचा कारकून माणसाची पायरी ठरवू शकत होता. आडनाव ऐकून जात ताडणाऱ्या समाजात राहणाऱ्या आपल्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मग आधार कार्डावर छापलेली जन्मतारीख काय असते? ती नंबरातून आलेली नाही. नोंदणी करताना जी दिली, ती वेगळ्या रकान्यात साठवलेली आहे. खरा गोंधळ तिथेच आहे. नोंदणीच्या वेळी कागद दाखवला तर तारीख 'पडताळलेली' म्हणून घेतली जाते. कागद नसेल तर तोंडी सांगितलेली, म्हणजे 'घोषित' तारीख घेतात. आणि तारीख माहीतच नसेल तर अंदाजे वय विचारून त्यावरून साल काढतात.

आपल्या वस्त्यांतल्या अनेक आज्यांचे असेच झाले. समजा, २०११ च्या शिबिरात एका आजीने "असंल साठ" म्हणून सांगितले. २०११ मधून ६० गेले, जन्मसाल १९५१ झाले. प्रत्यक्षात ती १९४७ ची असेल तर श्रावणबाळ योजनेची ६५ वर्षांची अट तिने २०१२ मध्येच पूर्ण केली होती. कार्डाप्रमाणे मात्र तिला २०१६ पर्यंत थांबावे लागले. एका तोंडी शब्दाने चार वर्षांची पेन्शन गेली.

शाळेत गेलेल्यांचीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात पन्नाशी-साठीच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि तारीख माहीत नसलेल्या मुलाची तारीख गुरुजी स्वतःच टाकायचे. ती तारीखही अंदाजेच. तरी कायद्याच्या नजरेत तिचे वजन आधारपेक्षा जास्त आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अपघाती मृत्यूच्या भरपाईचे प्रकरण होते. शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे मृताचे वय ४५, आधारप्रमाणे ४७. ४१ ते ४५ वर्षांपर्यंत वार्षिक नुकसानीला १४ ने गुणतात, ४६ पासून १३ ने. उच्च न्यायालयाने आधार धरून १३ घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा दाखला ग्राह्य धरून १४ केले आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सांगितले. भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळले.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांचे कागद बघताना क्रम असा ठेवावा. आधी ग्रामपंचायत किंवा महापालिकेतला जन्मदाखला. तो नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. शाळाच झाली नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या कोतवाल बुकात जन्माची नोंद शोधावी. जात पडताळणीसाठी आपली मुले हे दप्तर आधीपासून चाळतातच, त्याच फेरीत आजीची नोंदही बघता येते. नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, बापाचे असते. तेव्हा भावंडांचा क्रम आधी घरात विचारून घ्यावा, नाहीतर थोरल्या बहिणीची तारीख धाकटीला लागायची.

हे कागद हाती आल्यावरच आधारवरची तारीख बदलायला जावे. जन्मतारीख दुरुस्तीची सर्वसाधारण संधी एकदाच मिळते. ती अंदाजावर खर्च केली तर पुढे प्रादेशिक कार्यालयापर्यंत खेटे घालावे लागतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना यांसाठी जन्मदाखला हाच एकमेव पुरावा आहे. त्यांच्या बाबतीत गुरुजींची १ जून चालणार नाही. बाळाचे नाव ठरले की ते दाखल्यावर चढवून घ्यावे आणि स्पेलिंग तिथेच, बाळ कडेवर असतानाच, वाचून पाहावे.