रिले चालवणारा ट्रान्झिस्टर

अर्डुइनो उनो बोर्डाची पिन ५ व्होल्ट देते आणि तिच्यातून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये, असा संकेत आहे. १२ व्होल्टच्या नेहमीच्या छोट्या रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ४०० ओहम असतो, म्हणजे ती ३० मिलिअँपिअर प्रवाह घेते. पिनकडे तेवढा दाबही नाही आणि तेवढा प्रवाहही नाही. म्हणून दोघांच्या मध्ये बीसी५४७ सारखा एनपीएन ट्रान्झिस्टर घालतात. कॉइलचे एक टोक १२ व्होल्टला, दुसरे कलेक्टरला आणि एमिटर ग्राउंडला जोडतात. बोर्डाचा आणि १२ व्होल्टच्या पुरवठ्याचा ग्राउंड एकच असावा लागतो. नाहीतर बेसच्या प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही.

बेसमध्ये थोडा प्रवाह सोडला की कलेक्टरमधून त्याच्या कित्येक पट प्रवाह वाहू शकतो. ही पट म्हणजे ट्रान्झिस्टरचा गेन. बीसी५४७ चा गेन ११० पासून ८०० पर्यंत कितीही असू शकतो. एकाच पाकिटातले दोन नगही सारखे निघतीलच असे नाही, आणि तापमानानुसारही गेन बदलतो. त्यामुळे गेनवर विसंबून बेसचा प्रवाह काटेकोर मोजून देणे धोक्याचे ठरते.

समजा, बेसला २२ किलोओहमचा रेझिस्टर लावला. बेस आणि एमिटर यांच्यात साधारण ०.७ व्होल्ट राहतात, म्हणून रेझिस्टरवर ४.३ व्होल्ट येतात आणि बेसमध्ये जेमतेम ०.२ मिलिअँपिअर जातो. गेन ३०० असलेला नग यावर रिले नीट ओढतो. गेन ११० असेल, तर कलेक्टरचा प्रवाह २२ मिलिअँपिअरच्या आसपास अडतो आणि कॉइलला ९ व्होल्टही मिळत नाहीत. अनेक रिले ओढले जाण्यासाठी ठरीव दाबाच्या ७५ टक्के, म्हणजे ९ व्होल्ट लागतात. अशा वेळी रिले कधी ओढला जातो, कधी नाही. उरलेले तीनएक व्होल्ट ट्रान्झिस्टरवर पडतात आणि तो विनाकारण तापतो.

यावर उपाय म्हणजे बेसला गरजेपेक्षा भरपूर प्रवाह देणे. मग कलेक्टरचा प्रवाह ट्रान्झिस्टर ठरवत नाही, कॉइलचा रोध ठरवतो; कलेक्टर आणि एमिटर यांच्यात फक्त ०.१ ते ०.२ व्होल्ट उरतात. हीच संपृक्त अवस्था. तिच्यासाठी बेसचा प्रवाह कलेक्टरच्या प्रवाहाच्या एक दशांश धरण्याची रीत आहे. ३० मिलिअँपिअरसाठी बेसला ३ मिलिअँपिअर हवेत. ४.३ व्होल्टला ३ मिलिअँपिअरने भागले की सुमारे १,४३० ओहम येतात. बाजारात मिळणारी जवळची किंमत १.५ किलोओहम, तीच घ्यावी. पिन ३.३ व्होल्टची असेल तर रेझिस्टरवर २.६ व्होल्टच उरतात, तेव्हा ८२० ओहम लावावा. कॉइल ७० मिलिअँपिअर घेणारी असेल, तर ती बीसी५४७ च्या १०० मिलिअँपिअरच्या मर्यादेच्या फार जवळ जाते. तिथे जास्त प्रवाह पेलणारा २एन२२२२ बरा.

रिले चालू होण्याची सोय झाली, तरी बंद होण्याच्या क्षणाची काळजी वेगळी घ्यावी लागते. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. ट्रान्झिस्टर अचानक बंद झाला तरी कॉइल आपला प्रवाह चालूच ठेवू पाहते, आणि त्यासाठी कलेक्टरवरचा दाब वाटेल तितका चढवते. बीसी५४७ ४५ व्होल्टपर्यंतच टिकतो. पहिल्याच वेळी तो जळेल असे नाही; पण प्रत्येक बंद होण्यात त्याला मार बसतो, आणि बोर्ड मध्येच आपोआप रीसेट होऊ लागतो.

म्हणून कॉइलला समांतर डायोड लावतात. त्याची पट्टी असलेली बाजू १२ व्होल्टकडे आणि दुसरी कलेक्टरकडे. एरवी तो प्रवाह अडवतो. ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइलचा प्रवाह त्याच्यातून फिरत विझतो आणि कलेक्टरवरचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास थांबतो. डायोडला कॉइलइतकाच, म्हणजे ३० मिलिअँपिअर प्रवाह आणि उलट दिशेने १२ व्होल्ट सोसावे लागतात. १ अँपिअर आणि १,००० व्होल्ट पेलणारा १एन४००७ त्याला सहज पुरतो. तो उलटा लागला तर मात्र ट्रान्झिस्टर चालू होताच त्याच्यामार्फत १२ व्होल्टचा शॉर्ट होतो आणि दोन्ही भाग जळू शकतात.

या डायोडमुळे प्रवाह सावकाश विझतो, म्हणून रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटतो आणि संपर्क हळू उघडल्याने तिथल्या ठिणग्या वाढतात. जड भार तोडायचा असेल तर डायोडसोबत मालिकेत, उलट दिशेने, २४ व्होल्टचा झेनर लावतात. मग कलेक्टरवर सुमारे ३७ व्होल्ट येतात, जे ४५ च्या आत आहेत, आणि रिले लवकर सुटतो.

जोडणी झाल्यावर रिले चालू असताना मल्टिमीटरने कलेक्टर आणि एमिटर यांच्यातला दाब मोजावा. ०.२ व्होल्टच्या आसपास आला तर बेसचा रेझिस्टर बरोबर आहे. १ व्होल्टच्या वर गेला तर तो कमी किमतीचा लावावा.