पहिली मॅरेथॉन (लेखांक ५) : कोच, तक्ता की ॲप?

गेल्या आठवड्यात आपण रविवारची लांब धाव कशी वाढवायची ते पाहिलं. ती कोणाच्या सांगण्यावरून वाढवायची, हे ठरवायचं असेल तर एकच कसोटी लावा : दोन आठवडे बुडाले, तर पुढे काय?

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. १८ आठवड्यांची तयारी सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. समजा, सातव्या आठवड्यात तुम्ही १९ किलोमीटर धावलात आणि पुढचे दोन आठवडे तापात गेले. हॅल हिग्डन यांच्या नवशिक्यांसाठीच्या तक्त्यात दहाव्या आठवड्याला १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर असतात. नुसता तक्ता पाहणारा धावपटू थेट तिथे उडी घेतो, वर बुडालेल्या धावाही भरून काढू पाहतो. नडगी आणि टाच दुखायला लागते ती इथेच. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या रविवारी १३, मग १९, २२, २६ असं चढायचं, एक हलका आठवडा घ्यायचा आणि पंधराव्या आठवड्यात ३० वर थांबायचं. ३२ किलोमीटरची धाव हुकली तरी चालेल. शेवटचे तीन आठवडे मात्र विश्रांतीकडे झुकलेलेच हवेत, त्यांना हात लावायचा नाही.

चांगलं ॲप अशी फेरमांडणी स्वतः करतं. धावा बुडाल्या, सोप्या वेगातही नाडी जास्त पडतेय, हे घड्याळावरून कळताच ते अंतर आणि वेग उतरवतं. पण त्याला दिसतं ते घड्याळाला दिसतं तेवढंच. तुमची उजवी नडगी दुखत असेल, तरी नाडी आणि वेग ठीक असल्यामुळे ॲप पुढच्या रविवारी अंतर वाढवून देईल. उलट दमट हवेत नाडी चढली की तुमची तयारीच घसरली, असाही अर्थ ते काढू शकतं.

दुखणं ओळखायला माणूस लागतो. कोच धावताना पाहतो, कुठे दुखतं आणि धावताना वाढतं का, हे विचारतो, गरज पडली तर धाव रद्द करून फिजिओथेरपिस्टकडे पाठवतो. पण व्हॉट्सॲपच्या गटावर सगळ्यांना एकच वेळापत्रक टाकणारा कोच म्हणजे पैसे मोजून घेतलेला तक्ताच. म्हणून फी भरण्याआधी विचारा : ‘मी दोन आठवडे आजारी पडलो, तर माझा पुढचा रविवार कसा असेल?’ तुमची शेवटची लांब धाव किती होती, असं त्यांनी आधी विचारलं नाही, तर तिथे पैसे भरू नका.

माझं मत स्पष्ट आहे. पूर्वी दुखापत झालेली नसेल आणि दिनक्रम ठरलेला असेल, तर पहिल्या मॅरेथॉनला तक्ता पुरतो; फक्त १८ ऐवजी २० आठवडे धरा आणि दोन मोकळे ठेवा. शिफ्ट किंवा फिरतीची नोकरी असेल तर ॲप घ्या. जुनं दुखणं असेल, तर मात्र पैसे कोचवरच खर्च करा.