केबलचा फोटो काय सांगतो?

मोबाइलची चार्जिंग केबल ही आता फोटो पाहून घ्यायची वस्तू झाली आहे. माजरीसारख्या कोळसा खाणीच्या गावातही ती घरपोच येते आणि मागवण्याआधी तिचा फोटो एखाद्या जाणत्याकडे पाठवला जातो. मी खाणीच्या विद्युत विभागात नोकरी केली असल्याने असे फोटो माझ्याकडेही येतात. खाली एवढाच प्रश्न असतो : “काकाजी, हे चालन का?” फोटोवरून याचे उत्तर कुठपर्यंत देता येते आणि कुठे थांबावे लागते, हे या लेखात पाहायचे आहे.

फोटोत सर्वांत खात्रीने कळते ते केबलच्या टोकाचे तोंड. आपल्याकडे त्याला ‘पिन’ म्हणतात. जुन्या फोनची बारीक पिन म्हणजे मायक्रो यूएसबी. तिचे तोंड साधारण ६.८५ मिलिमीटर रुंद आणि १.८ मिलिमीटर जाड असते. आताची सी-पिन, म्हणजे यूएसबी टाइप-सी, सुमारे सव्वाआठ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर जाड असते. मात्र जवळून काढलेल्या फोटोत मिलिमीटर दिसत नाहीत, म्हणून आकारापेक्षा घडण पाहावी. मायक्रोची एक बाजू निमुळती असते आणि एका अंगाला दोन बारीक आकडे असतात. टाइप-सी दोन्ही बाजूंनी सारखी, लांबट गोल आणि आतून पोकळ असते. एवढे दिसले की केबल फोनमध्ये बसेल की नाही, हे ठामपणे सांगता येते.

पण बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. टाइप-सीचा आराखडा २०१४ साली जाहीर झाला. त्यात २४ संपर्कपट्ट्यांची सोय आहे, पण प्रत्येक केबलमध्ये तितक्या तारा असाव्यात असे बंधन नाही. फोनसोबत मिळणाऱ्या बहुतेक केबलींमध्ये विजेच्या तारा आणि डेटाची एकच जोडी असते. तिची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे सन २००० च्या यूएसबी २.० इतकीच. तेच तोंड असलेली दुसरी केबल सेकंदाला ४० गिगाबिट नेऊ शकते. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी.

दुसरी खूण म्हणजे तोंडामागची प्लॅस्टिकची मूठ, कारखान्याच्या भाषेत मोल्डिंग. टाइप-सीच्या नियमांनुसार ती १२.३५ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि ६.५ मिलिमीटरपेक्षा जाड असू नये. त्याहून जाड असली तर फोनच्या जाड कव्हरला अडते आणि पिन पूर्ण आत जात नाही. मुठीचा सांधा उघडा आहे का, केबल जिथून बाहेर पडते तिथे वाकण सांभाळणारा लवचीक भाग आहे का, हेही फोटोत दिसते. त्यावरून केबल किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो, पण आतली जोडणी कळत नाही. तीन अँपिअरहून जास्त प्रवाह नेणाऱ्या टाइप-सी केबलच्या मुठीत एक लहान चिप असावी लागते. चार्जर आधी तिला विचारतो : किती प्रवाह झेपेल? चिपने पाच अँपिअर सांगितले तरच तो तेवढा देतो. उत्तर आले नाही, तर यूएसबीच्या नियमाने चालणारा चार्जर तीन अँपिअरवर, म्हणजे फार तर ६० वॉटवर थांबतो. केबलवर ‘१०० वॉट’ छापले आहे आणि आत चिप नाही, अशी केबल फोटोत खऱ्या केबलसारखीच दिसते.

तिसरी खूण छापील मजकुराची. मोठ्या अक्षरांतले आकडे विक्रीसाठी असतात. त्यांपेक्षा केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत कधीकधी ‘२८ एडब्ल्यूजी’, ‘२४ एडब्ल्यूजी’ असे लिहिलेले असते, ते पाहावे. हे तारेच्या जाडीचे माप आहे आणि आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. दोन्ही आकडे एकत्र असतील तर बहुधा २८ ही डेटाची तार आणि २४ ही विजेची.

या आकड्याने काय बिघडते ते हिशेबाने पाहू. २८ क्रमांकाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलमध्ये दोन मीटर तार धरायची; रोध ०.४२ ओहम झाला. त्यातून दोन अँपिअर गेले की सुमारे ०.८४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चार्जरने पाच व्होल्ट दिले तरी फोनपर्यंत जेमतेम ४.१६ पोहोचतात. मग फोन आपणहून प्रवाह कमी करतो आणि चार्जिंग रेंगाळते. विजेची तार २४ क्रमांकाची असेल तर हीच घट ०.३४ व्होल्टवर येते. खाटेपर्यंत पोहोचावी म्हणून दोन मीटरची केबल घेतली, तर घट दुप्पट. वर गोफ विणलेली केबल जाड दिसते, पण ती जाडी तांब्याची की कापडी गोफाची, हे फोटोत कळत नाही. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असेल, तर तेही कळत नाही.

फोटोत न दिसणारे तीन धोके एकाच केबलमध्ये सापडल्याची नोंद आहे. गूगलमधील अभियंता बेन्सन लाँग हे २०१५ पासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या टाइप-सी केबली स्वतः विकत घेऊन तपासत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल लावली आणि त्यांचा लॅपटॉप बिघडला, चाचणीची उपकरणेही गेली. नंतर मल्टीमीटरने एकेक तार तपासली, तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. जाहिरातीत जलद गतीचा दावा होता, पण त्यासाठी लागणाऱ्या तारा आत नव्हत्याच. ५६ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा रोधक होता. असा रोधक फोनला सांगतो की समोरून तीन अँपिअर मिळतील. मग समोर संगणकाचे साधे तोंड असले तरी फोन तेवढे ओढू पाहतो. आणि तिसरी गोष्ट घातक होती : वीजपुरवठ्याची आणि ग्राउंडची तार उलटसुलट जोडलेली. विक्रीच्या फोटोत यांतले एकही दिसणे शक्य नव्हते.

खाणीत यंत्राची केबल नुसती पाहून कोणी चालू करत नाही. आधी मेगर लावतात. घरच्या केबलला मेगर लावायचा नाही, त्याचा दाब तिला सोसणार नाही. पण दोन चाचण्या घरी होतात. पहिली डेटाची. फोन संगणकाला जोडून एक मोठी फाइल पाठवावी. संगणकाला फोन दिसलाच नाही आणि दुसऱ्या केबलने दिसला, तर पहिलीत डेटाच्या तारा नाहीत किंवा तुटल्या आहेत. यूएसबी २.० केबलने चार गिगाबाइटच्या फाइलला साधारण दोन मिनिटे लागतात. ‘५ गिगाबिट’ छापलेली केबलही तेवढाच वेळ घेत असेल, तर दोष देण्याआधी फोन आणि संगणक दोघांनाही ती गती झेपते का ते पाहावे. कित्येक फोन आतून यूएसबी २.० च असतात.

दुसरी चाचणी विजेची. फोन आणि केबल यांच्यामध्ये लावायचा लहान यूएसबी मीटर मिळतो. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. चार्जर तोच, फोन तोच, बॅटरी दोन्ही वेळा तीस टक्क्यांच्या आसपास, फक्त केबल बदलायची. बॅटरी भरत आली की फोन प्रवाह कमी करतोच, म्हणून ऐंशी टक्क्यांवर घेतलेले माप तुलनेला निरुपयोगी.

त्यामुळे फोटोखालच्या प्रश्नाला मी दोन भागांत उत्तर देतो. पिन बसेल की नाही हे लगेच सांगतो. छापलेल्या वॉटविषयी आणि गतीविषयी मात्र एवढेच कळवतो, की परत घेण्याची सोय असेल तर मागवा आणि मुदत संपायच्या आत मीटर लावून पाहा.