पोलंडची औषधखिडकी: चार अंक, एक पर्याय आणि गोळ्यांचा हिशेब

पोलंडमध्ये औषध एकदा काउंटरपलीकडून हातात आलं की दुकान ते परत घेत नाही. औषधातच दोष निघाला किंवा दुकानाने चुकीचं औषध दिलं, तर गोष्ट वेगळी. पण “मला वाटलं ही तीच गोळी आहे” हे कारण तिथे चालत नाही. आपल्याकडे ओळखीचा केमिस्ट न उघडलेली पट्टी कधी कधी बदलून देतो. तशी मुभा तिथे नसल्यामुळे वाचायचं ते दुकानात जाण्याआधीच, मोबाइलच्या स्क्रीनवर वाचून घ्यावं लागतं.

डॉक्टरच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी तिथे आता क्वचितच दिसते. ८ जानेवारी २०२० पासून पोलंडमध्ये ई-चिठ्ठी, म्हणजे `e-recepta`, बंधनकारक झाली. डॉक्टरने ती लिहिली की ती मध्यवर्ती सरकारी यंत्रणेत जमा होते आणि रुग्णाला चार अंकी `kod dostępu` मिळतो. सरकारी रुग्णखात्यात, म्हणजे `Internetowe Konto Pacjenta` मध्ये, मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर कोड एसएमएसने येतो. नसेल तर डॉक्टर बारकोड असलेला कागद छापून देतो, नाहीतर कोड तोंडी सांगतो.

चार अंकांचे फक्त दहा हजार प्रकार होतात आणि चिठ्ठ्या त्याहून कितीतरी जास्त असतात. म्हणून नुसत्या कोडने काही उघडत नाही. त्याच्या जोडीला `PESEL`, म्हणजे पोलंडमधल्या प्रत्येक नोंदणीकृत रहिवाशाचा अकरा अंकी क्रमांक, द्यावा लागतो. दोन्ही जुळले की चिठ्ठी दिसते. याचा फायदा असा की आजारी माणसाचं औषध शेजारीही आणून देऊ शकतो. तोटाही तोच आहे. दोन्ही क्रमांक ज्याच्या हाती पडतील, त्याला औषध उचलता येतं. तेव्हा स्क्रीनशॉट कुणाला पाठवायचा हे बघूनच पाठवावा. ज्यांच्याकडे `PESEL` नाही, त्यांचं काम बारकोडच्या छापील कागदावर होतं.

एका कोडमागे एकच औषध असेल असं नाही. एका गठ्ठ्यात पाचपर्यंत चिठ्ठ्या असू शकतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच औषध असतं. त्यामुळे एका दुकानात एक औषध नसेल तर ते दुसरीकडून आणि बाकीची पहिल्या दुकानातून घेता येतात.

इथून पुढे ऑनलाइन दुकानाची स्क्रीन सुरू होते आणि तिचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. पोलंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं टपालाने किंवा कुरिअरने घरी पाठवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. औषधाच्या नावाशेजारी `Na receptę` असं दिसलं की ते या गटातलं आहे हे ओळखावं. त्याच्यासाठी बटण असतं `Zarezerwuj`, म्हणजे राखून ठेवा, आणि पुढचा पर्याय असतो `Odbiór w aptece`, म्हणजे दुकानात येऊन घ्या. खरेदी काउंटरवरच होते. स्क्रीनवर फक्त माल बाजूला काढून ठेवला जातो आणि तोही काही दिवसांपुरताच. डोकेदुखीची साधी गोळी मात्र त्याच संकेतस्थळावरून घरपोच येते. एकाच टोपलीत दोन्ही टाकल्या तर टोपली दोन तुकड्यांत का विभागली जाते, याचं कारण हे आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, व्रॉत्सवाफमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पुण्याहून गेलेला एक इंजिनिअर काम करतो. त्याला मधुमेह आहे आणि डॉक्टरने वर्षभराची चिठ्ठी दिली आहे. रुग्णखात्यात त्याला असं दिसतं:

```
Glucophage XR 500 mg
tabletki o przedłużonym uwalnianiu
12 op. po 60 tabl.
D.S. 1 x dz. 2 tabl. wieczorem, podczas posiłku
```

पहिली ओळ ब्रँडचं नाव आणि ताकद सांगते. आत औषध आहे मेटफॉर्मिन, मधुमेहाच्या घरातलं ओळखीचं नाव. दुसरी ओळ सांगते की ही गोळी पोटात हळूहळू विरघळणारी आहे. तिसऱ्या ओळीत बारा खोकी, प्रत्येकी ६० गोळ्या. चौथी ओळ डोसची: दिवसातून एकदा, दोन गोळ्या, संध्याकाळी, जेवताना.

राखून ठेवायला गेल्यावर कळतं की जवळच्या दुकानात हा ब्रँड नाही. खाली `Zamienniki` अशी यादी उघडते. `zamiennik` म्हणजे बदली औषध. यादीत तीन नावं येतात: `Metformax SR 500`, `Avamina SR 500` आणि `Siofor 500`. तिन्हींत मेटफॉर्मिनच आहे आणि तिन्हींवर ५०० हा आकडा आहे. घाईतला माणस सगळ्यांत स्वस्त दिसेल त्यावर बोट ठेवेल.

नजर इथेच थांबायला हवी. पोलंडच्या कायद्यानुसार बदली औषध म्हणवून घ्यायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: आतलं रसायन, ताकद आणि गोळीचं रूप. पडद्यावर त्या अनुक्रमे `Substancja czynna`, `Moc` आणि `Postać` या शीर्षकांखाली सापडतात. पहिल्या दोन नावांतलं `SR` आणि मूळ औषधातलं `XR` ही वेगवेगळ्या कंपन्यांची अक्षरं आहेत, पण तिघांच्या `Postać` मध्ये एकच मजकूर आहे, हळू विरघळणारी गोळी. सिओफोरपुढे मात्र `tabletki powlekane` असं येतं. ती साधी, वरून पातळ थर दिलेली गोळी. रसायन जुळलं, ताकद जुळली, रूप जुळलं नाही.

फरक कागदापुरता नाही. साधं मेटफॉर्मिन लवकर विरघळतं, म्हणून ते सहसा दिवसातून दोन-तीन वेळा जेवणाबरोबर विभागून देतात. हळू विरघळणारं दिवसातून एकदा पुरतं आणि अनेकांच्या पोटाला कमी त्रास देतं. संध्याकाळी एकदम दोन गोळ्या ही सूचना हळू विरघळणाऱ्या गोळीसाठीच लिहिलेली आहे. ती गोळी फोडून किंवा चुरून घ्यायचीही नसते, कारण मग हळूपणाच संपतो. असा बदल हवाच असेल तर तो डॉक्टरने चिठ्ठी बदलून करायचा असतो, पडद्यावर बोट ठेवून नव्हे.

कायदा इथे रुग्णाच्या बाजूनेही उभा आहे. सरकारी सवलतीच्या औषधाचा स्वस्त समकक्ष उपलब्ध असेल तर फार्मासिस्टने ते सांगायचं असतं आणि रुग्णाने होकार दिला तर तो द्यायचा असतो. डॉक्टरला बदल नको असेल तर तो चिठ्ठीवर `NZ` लिहितो, म्हणजे बदलू नका. ही दोन अक्षरं दिसली की पर्यायांची यादी कितीही लांब असली तरी ती त्या रुग्णासाठी नाही. संकेतस्थळाची यादी बहुतेक वेळा रसायनावरून बनते आणि चिठ्ठीवरची ती अक्षरं तिला ठाऊक नसतात.

किमतीबद्दल एक गोष्ट माहीत असली की पायपीट वाचते. २०१२ पासून सरकारी सवलतीच्या औषधांची किंमत देशभर सगळ्या दुकानांत सारखीच असते. त्यामुळे ज्या औषधावर `30%`, `50%` किंवा `ryczałt`, म्हणजे ठरीव लहान रक्कम, अशी खूण आहे, त्यासाठी दहा दुकानांचे भाव तपासण्यात अर्थ नाही. तिथे बघायचं ते फक्त मालाची उपलब्धता. सवलत मात्र डॉक्टरने त्या चिठ्ठीवर नोंदवलेली असावी लागते, नाहीतर `100%` भरावे लागतात.

आता उरली डोसची ओळ, जिच्याकडे लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात. ती कधी घ्यायचं हे सांगतेच, पण किती खोकी मिळतील हेही तीच ठरवते. वर्षाच्या चिठ्ठीवर दुकान एका वेळी जास्तीत जास्त १२० दिवस पुरेल इतकंच औषध देतं. आपल्या इंजिनिअरच्या दिवसाला दोन गोळ्या, म्हणजे १२० दिवसांच्या २४० गोळ्या, म्हणजे चार खोकी. बाराची चिठ्ठी असून काउंटरवर चारच खोकी आली तर दुकानदाराने फसवलं नाही, त्याने गुणाकार केला. पुढचा हप्ता त्या मुदतीचे तीन चतुर्थांश दिवस, इथे ९० दिवस, उलटल्यावर मिळतो.

उशीर केल्याचीही किंमत आहे. नेहमीची चिठ्ठी ३० दिवस चालते, तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकची फक्त ७ दिवस, आणि वर्षाची ३६५ दिवस. पण वर्षाच्या चिठ्ठीवरचं औषध पहिल्या ३० दिवसांत घ्यायला सुरुवात केली नाही, तर गेलेल्या दिवसांच्या गोळ्या वजा होतात. साठाव्या दिवशी पहिल्यांदा दुकानात गेलं तर १२० गोळ्या, म्हणजे दोन खोकी, एकूण कोट्यातून गेली. डोस लिहिलेलाच नसेल तर दुकानदाराला दिवसांचा हिशेब करता येत नाही आणि तो मोजकीच खोकी देतो. म्हणून डॉक्टरच्या खोलीतून निघण्याआधी ती ओळ पाहून घेणं बरं.

ती ओळ वाचताना दोन खाचखळगे आहेत. पोलिश लिखाणात दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. `2,5 mg` म्हणजे अडीच मिलिग्रॅम. पंचवीस म्हणून ते वाचलं तर डोस दहापट होतो. दुसरा खळगा संक्षेपांचा. `dz.` म्हणजे दिवस, `tyg.` म्हणजे आठवडा. सांधेदुखीच्या एका प्रकारात वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि त्याच्या गोळीची एक ताकद नेमकी `2,5 mg` अशी असते. चुकून रोज घेतल्याने लोकांचे जीव गेले आहेत. २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने यासाठी नवे इशारे सुचवले, खोक्यावर ठळक सूचनेसह. `1 x tyg.` आणि `1 x dz.` यांत फरक चार-पाच अक्षरांचाच आहे. शिवाय `rano` म्हणजे सकाळी, `na noc` म्हणजे झोपताना, `na czczo` म्हणजे रिकाम्या पोटी आणि `doraźnie` म्हणजे गरज पडेल तेव्हाच. एवढे शब्द ओळखता आले तर बहुतेक ओळी वाचता येतात.

दुकानाकडून `Gotowe do odbioru` असा निरोप आला की माल तयार आहे. खिडकीशी फार्मासिस्टला “पानी मागिस्तेर” किंवा “पानिए मागिस्त्रे” म्हणायची पद्धत आहे, कारण त्यांची पदवी मास्टरची. कोड आणि क्रमांक सांगायचा, आणि पैसे देण्याआधी खोक्यावरचे तीन शब्द, नाव, ताकद, रूप, चिठ्ठीशी जुळवून पाहायचे. पर्याय घेतला असेल तर तो कोणता दिला गेला याची नोंद रुग्णखात्यात पडते. पुढच्या भेटीत डॉक्टरने विचारलं, “कोणती गोळी घेताय?”, तर जुन्या चिठ्ठीवरचं नाव सांगण्याऐवजी ती नोंद उघडून दाखवावी.