ट्रायमॉनवरची सात गेटं

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांच्या गटाने ‘ट्रायमॉन’ हे तीन क्यूबिटांचं अतिवाहक मंडल घडवलं. २०२० साली त्यांनी त्यावर चालवलेली जी गणितं प्रसिद्ध केली, त्यांत क्वांटम फुरिये रूपांतरही होतं. एखादी गोष्ट किती अंतराने परत येते हे हुडकणारं हे रूपांतर. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची शोर यांची रीत त्याच्यावरच उभी आहे.

तीन क्यूबिटांना सात गेटं पुरतात. समजा, आत ५ द्यायचे आहेत. द्विमान पद्धतीत १०१. पहिल्या क्यूबिटवर हॅडमार्ड गेट लागतं. ते त्याला ० आणि १ यांच्या समसमान अध्यारोपणात नेतं, आणि तो मुळात १ असल्यामुळे अध्यारोपणातल्या १ची कला १८० अंशांनी वळवतं. पुढचं गेट दुसऱ्या क्यूबिटच्या हुकमातलं: तो १ असेल तरच ९० अंश वळवायचे. तो ० आहे, म्हणून काही घडत नाही. तिसरा मात्र १ आहे, त्याच्या हुकमातलं गेट ४५ अंश घालतं. बेरीज २२५, म्हणजे पूर्ण फेऱ्याचे बरोबर ५/८.

दुसऱ्या क्यूबिटला हॅडमार्डकडून शून्य अंश आणि तिसऱ्याच्या हुकमातून ९० मिळतात. तिसऱ्यावर नुसतं हॅडमार्ड, १८० अंश. उत्तर उलट्या क्रमाने निघतं, म्हणून शेवटी पहिल्या-तिसऱ्याची अदलाबदल.

पुस्तकात हॅडमार्ड सोपं आणि नियंत्रित गेट अवघड असतं. ट्रायमॉनवर नेमकं उलटं आहे, आणि मला तीच त्याची खरी गंमत वाटते. त्यातले क्यूबिट एकमेकांशी कायमचे जोडलेले. शेजारचे दोघे कोणत्या स्थितीत आहेत त्यावर प्रत्येकाची वारंवारिता बदलते, म्हणून प्रत्येकाच्या चार वारंवारिता होतात. त्यांतल्या एकीवर सूक्ष्मलहरींचा स्पंद सोडला, की ‘शेजारी असे असतील तरच’ ही अट आपोआप पाळली जाते. बिनशर्त हॅडमार्डसाठी मात्र चारही वारंवारितांवर स्पंद द्यावे लागतात.

चूक पकडणं त्याहून नाजूक. आपल्या ५च्या उदाहरणात शेवटी थेट मोजलं, तर आठही उत्तरं सारख्याच शक्यतेने येतात. ४५ अंशांचं चिन्ह चुकलं तरीही तसंच. मग परीक्षा घ्यायची उलटीकडून. अदलाबदल बाजूला ठेवून तीन क्यूबिटांवर २२५, ९० आणि १८० या कला हाताने चढवायच्या आणि मंडल उलटं चालवायचं. तिसरा आधी १ वाचला जातो, त्याच्या जोरावर दुसऱ्याचे ९० वजा होऊन ० मिळतो, आणि पहिल्याच्या २२५मधून ४५ गेले की १८० उरतात, म्हणजे १. चिन्ह उलटं असेल तर २७० होतात, आणि पहिला क्यूबिट निम्म्या वेळा ०, निम्म्या वेळा १ दाखवू लागतो.